वर्गात चिडवतात, डब्याला कुणी शेजारी घेत नाही: घरी नेमकं काय करायचं, पायरीपायरीने

माझी लेक पाचवीत गेली तेव्हा आम्ही कोल्हापूरजवळच्या गावातून पुण्यात आलो, नवऱ्याची बदली झाली म्हणून. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं फळा पुसायला कोण येतंय, तर ही उभी राहिली आणि म्हणाली "मी येतो". आमच्याकडे बायका मुली सगळ्या स्वतःबद्दल असंच बोलतात, मी येतो, मी जातो, मी जेवलो, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पण इथे सगळा वर्ग हसला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं "दादा". जुलै संपेपर्यंत डब्याचा गोल भरला की हिच्यासाठी जागा नसायची, ग्रुप प्रोजेक्टला नावं देताना ही उरायची, आणि लंगडी खेळताना दोन्ही कॅप्टन म्हणायच्या आम्हाला मुलगा नको.

मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, बारा-तेरा वर्षं झाली, रोज चाळीस पोरं डोळ्यासमोर असतात, आणि तरीही माझ्याच घरातलं मला गणपती जवळ येईपर्यंत कळलं नाही. त्यामुळे हे लिहितेय ते शिक्षिका म्हणून पाहिलेलं आणि आई म्हणून केलेलं असं दोन्ही मिळून आहे. साधारण आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी हे जास्त लागू पडेल, मोठ्या मुलांचं फोन आणि इन्स्टावरचं प्रकरण वेगळं असतं, त्याबद्दल मी शेवटी थोडंच बोलणार आहे.

आधी ओळखायचं कसं

मुलं स्वतःहून सांगत नाहीत हे धरूनच चाला. लाज वाटते, आईबाबांना टेन्शन येईल असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त भीती ही असते की आई शाळेत येऊन तमाशा करेल आणि मग अजून चिडवतील. म्हणून तोंडापेक्षा दप्तर आणि डबा बघा. आमच्याकडे खूण डब्यातच होती पण मला ती वाचता आली नाही, पोळीभाजी अर्धी परत यायची आणि मी भाजी आवडली नसेल म्हणून रोज भाजी बदलत बसले. नंतर कळलं की ती जिन्याखाली उभ्याउभ्या चार घास खाऊन डबा बंद करायची कारण तिथे फार वेळ उभं राहिलं तर कुणीतरी बघतं.

अजून काही खुणा सांगते. रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं आणि शनिवारी सकाळी दुखत नाही. घरी आल्याआल्या बूट न काढता बाथरूमकडे पळतं, म्हणजे शाळेतल्या बाथरूममध्ये जायचं दिवसभर टाळलेलं असतं, कारण तिथे मोठं माणूस नसतं. पट्टी खोडरबर वारंवार "हरवतात". आणि बोलण्यातून मित्रांची नावं गायब होतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी पोर म्हणायचं अमुकने असं केलं तमुक असं म्हणाली, आता म्हणतं "मुलांनी" केलं, "सगळे" म्हणाले. यातली एकच खूण असेल तर लगेच घाबरू नका, पोटदुखी खरीच पोटाचीही असते, डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन एकत्र दिसल्या आणि दोन आठवडे टिकल्या तर मात्र शोध घ्यायचाच.

इथे एक फरक करावा लागतो, प्रत्येक भांडण म्हणजे छळ नसतो. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयावर काम केलं आणि त्यांच्या तीन कसोट्या मी आजही वापरते: मुद्दाम केलेलं आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि करणारा वरचढ आहे का, म्हणजे अंगाने, संख्येने किंवा वर्गातल्या वजनाने. दोन मैत्रिणी एकमेकींशी कट्टी घेतात ते भांडण, त्यांचं त्या मिटवतात. वीस जण मिळून एकीला रोज "दादा" म्हणतात तिथे ती काय मिटवणार, तिथे "तुमचं तुम्ही बघा" म्हणणं म्हणजे तिला एकटं सोडणं आहे.

बोलतं करायचं, पण समोर बसवून नाही

"शाळेत काय झालं" या प्रश्नाचं उत्तर जगातलं प्रत्येक मूल "काही नाही" असंच देतं. समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं की पोराला उलटतपासणी वाटते. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना विचारा, हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की जीभ सैल होते. आणि प्रश्न बारीक, जागेचा विचारा. मी एका संध्याकाळी गवार निवडताना विचारलं, मधल्या सुट्टीत तू बसतेस ती जागा सावलीत आहे का उन्हात. ती म्हणाली जिन्याखाली ऊन येत नाही. मी म्हटलं जिन्याखाली अजून कोण असतं. ती गप्प झाली, दोन शेंगा मोडल्या, आणि मग रडायला लागली.

तेव्हा मी काही बोलले नाही हेच बरं झालं. पहिल्या दहा मिनिटांत आपण काय बोलतो त्यावर ते मूल परत कधी सांगणार की नाही ते ठरतं. "दुर्लक्ष कर" म्हणू नका, तिने दोन महिने तेच केलेलं असतं. "तू पण दे ना उत्तर, मुळूमुळू कशाला रडतेस" म्हणू नका, कारण त्याचा अर्थ तिला असा लागतो की चूक माझीच. "उद्या बघतेच एकेकाकडे" तर अजिबात नको. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते मोडावं लागणार असतं. मी एवढंच म्हटलं की हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तू सांगितलंस ते चांगलं केलंस, आणि पुढे काही करायचं ठरलं तर तुला आधी सांगून करेन. हे शेवटचं वाक्य पाळायचं बरं का, त्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

त्या रात्रीपासून एक छोटी वही करा, मुलाला दिसेल अशी ठेवू नका. तारीख, वेळ, जागा, कोण, काय शब्द, जवळ कुणी मोठं माणूस होतं का, आणि पोराने काय केलं, एवढंच. रोज खोदून विचारायचं नाही, जे आपणहून निघेल तेवढं लिहायचं. दहा-बारा दिवसांत त्यात आकार दिसायला लागतो. आमच्या वहीत दिसलं की नऊपैकी सात नोंदी मधल्या सुट्टीच्या किंवा पीटीच्या तासाच्या होत्या, वर्गात बाई असताना जवळपास काहीच नाही, आणि नावं फिरूनफिरून तीनच येत होती. म्हणजे "सगळा वर्ग माझ्या विरोधात आहे" असं जे तिला वाटत होतं ते तसं नव्हतं. तीन जणी चालू करायच्या, बाकीचे हसायचे, आणि काहीजण नुसते बघत बसायचे. हे बघणारे पुढे उपयोगी पडतात.

शाळेशी बोलणं, थोडक्यात पण लेखी

घरात कितीही आत्मविश्वास भरला आणि शाळेत रोज तोच मार चालू राहिला तर भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं आहे. म्हणून शाळेचं काम आधी किंवा निदान बरोबरीने. पहिल्यांदा वर्गशिक्षिका, एकदम मुख्याध्यापक नाही. गेटवर घाईत नाही, वेळ मागून. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्द नाही, मी शिक्षिका म्हणून सांगते, ग्रुपवर विषय गेला की त्या संध्याकाळी दोन पालकांचं भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशोब मुलांकडून चुकता होतो.

"माझ्या मुलीला त्रास देतात, काहीतरी करा" असं म्हटलं की आमच्यासारख्या बाई वर्गात जाऊन सगळ्यांना भाषण देतात, आणि ते भाषण नेमकं कुणामुळे झालं हे पोरांना अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणून काय करायचं ते आपणच नेमकं मागायचं, दोन-तीनच गोष्टी. मी दिलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

"नमस्कार बाई. माझ्या मुलीला जूनपासून वर्गात 'दादा' म्हणून चिडवतात आणि डब्याला, खेळात बाजूला ठेवतात. १८ ते २९ ऑगस्ट या दिवसांतल्या नऊ नोंदी सोबत जोडल्या आहेत, बहुतेक मधल्या सुट्टीतल्या आहेत. कुणाला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. तीन विनंत्या आहेत. ग्रुप आणि टीम काही दिवस मुलांनी न निवडता तुम्ही पाडाव्यात. डब्याला बाकांप्रमाणे बसवावं. वर्गासमोर तिचं नाव घेऊन हा विषय काढू नये. दोन आठवड्यांनी येऊन भेटते."

पहिली विनंती सगळ्यात मोलाची आहे. "चला, आपापले ग्रुप करा" या एका वाक्याने वर्गातलं नकोसं मूल रोज सगळ्यांसमोर उघडं पडतं, आणि आम्हा शिक्षकांना ते दिसतही नाही, मीसुद्धा वर्षानुवर्षं तेच वाक्य म्हणत आले. आता पटावरच्या नंबरावरून पाडते.

आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं, हातात हात देऊन "आता फ्रेंड्स" करणं हे कृपा करून मागू नका. एकजण वरचढ आणि दुसरं दबलेलं असताना समोरासमोर बसवलं की दबलेलं मूल "हो मिटलं" म्हणतं आणि बाहेर जाऊन दुप्पट भोगतं.

चिठ्ठीची तारखेसह एक प्रत स्वतःकडे ठेवा. दोन आठवड्यांत हालचाल नाही झाली तर मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायचे आदेश आहेत, तुमच्या शाळेत ती आहे का, तक्रारपेटी आहे का ते विचारा. चिडवणारे शिक्षकच असतील, म्हणजे बाईच त्या नावाने हाक मारत असतील, तर मुलाच्या मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट मनाई आहे, ते लेखी अर्जात लिहायला कचरू नका.

घरात आपण काय करतोय ते आधी बघा

हा भाग लिहायला मला जड जातंय. दादा म्हणतात हे कळल्यावर मी काय केलं असेल तर तिचं बोलणं सुधारायला घेतलं. "मी जातो" म्हणाली की लगेच "जाते म्हण, जाते". जेवताना, खेळताना, फोनवर बोलताना. मला वाटलं बोलणं बदललं की चिडवणं थांबेल. मी स्वतः कॉलेजला पुण्यात आले तेव्हा चार महिन्यांत भाषा बदलून टाकली होती, त्यामुळे मला हाच उपाय ठाऊक होता. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, बाबा आईलापण माझं बोलणं आवडत नाही. तेव्हा लक्षात आलं की शाळेत पोरं जे हसून सांगत होती तेच मी घरी प्रेमाने सांगत होते, आणि पोर दोन्हीकडून एकच गोष्ट ऐकत होती की तुझ्यात खोट आहे.

हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, फक्त विषय वेगळा असतो. जाड म्हणून चिडवतात म्हटलं की घरी भात कमी होतो. काळी म्हणतात तर आजी बेसन दूध लावायला बसते. अडखळत बोलतो तर आपण त्याचं वाक्य पूर्ण करतो. आपला हेतू चांगलाच असतो, पण चिडवणाऱ्यांचं म्हणणं आपण मान्य केलेलं असतं. म्हणून ज्या गोष्टीवरून चिडवतात ती गोष्ट घरात सुधारायला घ्यायची नाही, निदान पहिले दोन-तीन महिने. वजनाचं खरंच काही असेल तर ते सगळ्या घराच्या जेवणाचं आणि डॉक्टरांचं काम, त्याचा चिडवण्याशी संबंध जोडायचा नाही. अडखळण्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे जरूर जा, पण ते "म्हणजे मग हसणार नाहीत" म्हणून नाही.

आमच्याकडे मी स्वतः घरात परत "मी येतो" बोलायला सुरुवात केली. पंधरा वर्षांनी. पहिल्यांदा जीभ वळेना. दर गुरुवारी संध्याकाळी आज्जीला फोन लावायचा आणि त्या अर्ध्या तासात कुणी कुणाला टोकायचं नाही असं ठरलं. लेकीला आम्ही सांगितलं की भाषा दोन आहेत, वहीत लिहायची एक आणि आपली एक, तुला दोन्ही येतात, कुठली कुठे वापरायची ते तुझं तू ठरव. तिने पुढे काय वापरायचं हे आम्ही खरंच तिच्यावर सोडलं.

उत्तराची तालीम

चिडवलं की मूल गोठतं, शब्द सुचत नाहीत, आणि समोरच्याला मजा येते ती त्या गोठण्याची. त्यामुळे उत्तर आधीच तयार आणि तोंडात बसलेलं हवं. ते कसं हवं, तर छोटं, सपाट, कंटाळवाणं. टोमणा नको, कारण टोमण्यात ती पोरं सरस असतात. "का चिडवता मला" नको, कारण त्यातून त्यांना हवं ते मिळतं. आम्ही ठरवलं "आमच्याकडे असंच बोलतात", एवढंच, आणि बोलून झाल्यावर तिथून दुसऱ्या कुणाच्या तरी दिशेने चालायला लागायचं. थांबायचं नाही, परत उत्तर ऐकायला वळायचं नाही. डोळ्यात बघणं जमत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, समोरच्याला फरक कळत नाही.

तालीम पाच मिनिटं, आठवड्यातून चारदा, संध्याकाळी खाऊन झाल्यावर. झोपताना नको, ते डोक्यात घेऊन झोपतात. पहिले दोन-तीन दिवस उलट्या भूमिका, म्हणजे तिने चिडवायचं आणि मी तिच्या जागी उभं राहायचं. त्यातून तुम्हाला खरा सूर ऐकायला मिळतो जो वर्णन करून कधीच कळत नाही. लेकीने "एऽऽ दादाऽऽ" असं ओढून म्हटलं आणि वर हात कमरेवर ठेवून चालून दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नुसतं बोलण्याला नाही तर तिच्या चालीलासुद्धा हसत होते. मग अदलाबदल, आधी मी हळू आवाजात चिडवते, दोन दिवसांनी जोरात, मग मागे बाबा हसतात. मूल जमिनीकडे बघायला लागलं किंवा आवाज बसला की एक पायरी खाली यायचं, पुढे रेटायचं नाही. ती हसायला लागली की समजायचं पुढच्या पायरीला तयार आहे.

एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा की पहिल्या तीन-चार दिवसांत चिडवणं वाढेल. रोज हलणारं बटण आज हललं नाही तर माणूस ते जोरात दाबून बघतो, तसं. हे माहीत नसलं तर मूल दुसऱ्याच दिवशी म्हणतं "तुझं काही चालत नाही" आणि सोडून देतं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तेच झालं, पण सांगून ठेवलेलं होतं म्हणून ती घरी येऊन म्हणाली "आई तू म्हणालीस तसंच झालं". आणि हे उत्तर फक्त शब्दांसाठी. ढकललं, मारलं, वस्तू घेतली, बाथरूममध्ये अडवलं तर उत्तर द्यायचं नाही, सरळ बाई कुठे आहेत तिकडे जायचं, आणि बाईंना काय सांगायचं त्या वाक्याचीही तालीम करून घ्यायची.

एकच मैत्रीण

वर्गाचं मन जिंकायला निघू नका. वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावून मोठा केक कापला की पोरं येतात, खातात, आणि सोमवारी परत तेच. एक मैत्रीण पुरते. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर मुलांचं चित्रीकरण करून पाहिलं होतं, २००१ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की बघणाऱ्यांपैकी एखादं मूल मधे पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत चिडवणं थांबतं. वहीत जे नुसते बघणारे म्हणून आले ते इथे कामाला येतात. त्यातली मधे पडेल अशी एक हवी.

ती निवडायची कशी, तर वर्गाची लीडर नको, त्या तिघींपैकी तर नकोच. कडेला असणारी, कमी बोलणारी, आणि घरापासून जवळ राहणारी असेल तर फार बरं. आम्हाला व्हॅनमधली एक मुलगी सापडली जी कधी हसायची नाही एवढंच लेकीला आठवत होतं. शनिवारी दुपारी तिला बोलावलं, एकटीला, दोघींना नाही, कारण तिघी झाल्या की एक बाहेर पडते आणि ती कोण असेल ते आपल्याला माहीत आहे. दीड तास, त्यापेक्षा जास्त नको. आणि हाताला काहीतरी काम हवं, "खेळा गं" म्हणून सोडलं तर दोन लाजऱ्या पोरी एकमेकींकडे बघत बसतात. मी भेळेचं सामान मांडून दिलं, कुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, तुम्ही करा आणि आम्हालापण द्या म्हटलं. तिखट झाली, दोघी पाणी पीत हसत होत्या, आणि तिथेच मी म्हटलं चला, आता काकू घ्यायला येतील. रंगात आलेलं असतानाच संपवायचं, म्हणजे पुढच्या वेळची ओढ राहते. असं तीन-चार शनिवार.

बिघडतं ते असं की एखादी मैत्रीण घरी छान खेळते आणि शाळेत ओळख दाखवत नाही. होतं तसं, तिलाही भीती असते आपला नंबर लागेल याची. तिच्यावर चिडू नका, लेकीलाही सांगा की ती घाबरली आहे. दोन-तीन भेटींनंतरही तसंच राहिलं तर दुसरी शोधा, किंवा शाळेबाहेर बघा, सोसायटीत, तबल्याच्या क्लासला, मल्लखांबाला, जिथे तिचं ते नाव कुणाला माहीतच नाही.

कौतुक कमी, खरं काम जास्त

"तू किती हुशार आहेस, किती गोड आहेस" हे आम्ही पहिले काही दिवस सारखं म्हणायचो. ती म्हणाली तुम्ही आईबाबा आहात म्हणून म्हणता. दहा वर्षांच्या मुलाला कळतं हो. आत्मविश्वास सांगून येत नाही, मला हे जमतं याचा पुरावा हातात यावा लागतो, आणि पुरावा खरा हवा, म्हणजे त्यात चुकायचीही सोय हवी.

आमच्याकडे ते काम होतं दही लावणं. रोज रात्री घराचं दही तिने लावायचं, अर्धा लिटर दूध, एक छोटा चमचा विरजण, दूध एवढं कोमट की बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. मी पहिल्या रात्री दाखवलं आणि नंतर ओट्याजवळ गेले नाही, हे फार अवघड होतं. दुसऱ्या दिवशी दूध गरम होतं, सकाळी नुसतं पाणी पाणी. तिसऱ्या दिवशी गार होतं, विरजलंच नाही. त्या दोन दिवस जेवताना दही नव्हतं आणि कुणी काही बोललं नाही, विकतचं आणलंही नाही, कारण आणलं असतं तर तिच्या कामाला अर्थ राहिला नसता. सहाव्या सकाळी तिने भांडं तिरकं करून बघितलं, हललं नाही. मी म्हटलं "आज कवडी पडली". एवढंच. वाहवा नाही, टाळ्या नाहीत, जे झालं ते पाहिलं आणि बोलून दाखवलं. ती भांडं घेऊन बाबांना दाखवायला गेली.

तुमच्याकडे काम दुसरं असेल, पण तीन गोष्टी बघा: ते रोजचं हवं, घरच्यांना त्याची खरंच गरज हवी, आणि निकाल आपण न देता कामानेच द्यायला हवा. कुंड्यांना पाणी, आजोबांच्या गोळ्या डबीत भरणं, सायकलची चेन आणि हवा बघणं, रविवारी ठरलेल्या पैशात भाजी आणणं. चित्रकलेचा क्लास लावणं चांगलं आहे पण त्याने हे साधत नाही, क्लास मुलासाठी असतो, घराचं त्यावर काही अडत नाही.

किती दिवस लागतात, आणि कधी थांबायचं नाही

आम्हाला साधारण नऊ आठवडे लागले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा सगळं परत पहिल्यासारखं झालं होतं, गॅदरिंगच्या नाचातून तिला काढलं तेव्हा दोन दिवस शाळेत गेली नाही. तेव्हा वही काढून बघितली, नोंदी आठवड्याला पाच-सहावरून दोनवर आल्या होत्या, म्हणून धीर राहिला. सुधारणा मोजायची तर तिचं हसणं मोजू नका, ते वरखाली होतं. डबा रिकामा येतो का, बोलण्यात नावं परत आली का, आणि साध्या तक्रारी सुरू झाल्या का ते बघा. ज्या दिवशी ती म्हणाली "गणिताच्या बाई फार होमवर्क देतात" त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, कारण डोक्यात होमवर्कवर चिडायला जागा झाली होती.

काही गोष्टींत मात्र हे घरगुती उपाय करत बसायचं नाही. मूल म्हणालं की मला जगायचं नाही, मी नसते तर बरं झालं असतं, किंवा स्वतःला ओरबाडतंय, कापतंय. दोन आठवडे नीट झोप नाही, जेवण नाही. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. अंगावर वळ आहेत, किंवा कुणी कपड्यांना, नको तिथे हात लावला. अशा वेळी त्याच दिवशी हालचाल करा, बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहेच, शाळेला लेखी कळवा आणि हात लावण्याचा प्रकार असेल तर पोलिसांकडे जायला थांबू नका. फोनवर, ग्रुपवर चिडवत असतील तर मेसेज डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, रागाच्या भरात पहिलं डिलीटच केलं जातं आणि मग शाळेला दाखवायला काही उरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आणि जूनमधली नवी तुकडी, या दोन वेळी वही परत काढा. सुट्टीनंतर पोरांचे गट नव्याने जुळतात, जुनं नाव परत वर येऊ शकतं. सुट्टी संपायच्या आधीच्या शनिवारी त्या एका मैत्रिणीला घरी बोलावून घ्या, म्हणजे सोमवारी गेटमधून दोघी बरोबर आत जातील. आणि जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेला पहिल्या आठवड्यातच अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, जुनी भांडणं उगाळायला नाही, फक्त ग्रुप तुम्ही पाडा एवढं सांगायला. सहावीला मी ती दिली, बाईंनी वाचून विचारलं की हिला दादा का म्हणायचे, तर लेक माझ्या आधी म्हणाली, "आमच्याकडे असंच बोलतात".